बारा मिलिसेकंदांचे मायग्रेशन आणि पंचवीस मिनिटे अडलेले दूध संकलन

प्रश्न: तुम्ही स्वतः हाताळलेल्या एखाद्या प्रॉडक्शन आउटेजबद्दल सविस्तर सांगाल का? नेमके काय झाले, पोस्टमॉर्टेममध्ये काय निघाले आणि त्यानंतर खरोखर काय बदलले?

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, ती दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवत असे. शेतकरी केंद्रावर दूध घालतो, त्याचे वजन होते, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, मोजले जाते, त्यावरून दर निघतो आणि पावती छापली जाते. आमच्या रचनेत दर सर्व्हरवरून येत असे आणि नोंद सर्व्हरवर पडल्याशिवाय पावती छापली जात नसे. सगळा भार सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या दोन सत्रांत असे. बाकी दिवसभर सर्व्हर जवळजवळ रिकामा बसलेला असे. डेटाबेस पोस्टग्रेसचा होता, आवृत्ती १३, आणि तो आमच्याच ताब्यातल्या यंत्रावर चालत असे.

त्या संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांनी एक छोटे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल, प्रॉडक्शनवर गेले. नोंदींच्या मुख्य तक्त्यात एक नवा रकाना घालायचा होता, तोही रिकामा चालणारा. पोस्टग्रेसमध्ये असा रकाना घालताना तक्ता पुन्हा लिहिला जात नाही; फक्त तक्त्याच्या वर्णनात एका ओळीची भर पडते, त्यामुळे तक्ता कितीही मोठा असला तरी काम क्षणात होते. चाचणीच्या सर्व्हरवर त्याला १२ मिलिसेकंद लागले होते. संकलनाच्या वेळेत डिप्लॉय करू नये असा आमचा अलिखित संकेत होता, पण १२ मिलिसेकंदांसाठी तो पाळण्याचे कारण कोणाला वाटले नाही. रिव्ह्यूमध्ये मीच होकार दिला होता, हेही इथेच सांगून टाकतो.

एका मिनिटाच्या आत इशारे वाजू लागले. केंद्रांच्या विनंत्यांना उत्तर मिळेना, लोड बॅलन्सर ५०४ देऊ लागला आणि मदतकेंद्राचा फोन सलग वाजत राहिला. ऑनकॉलवर असलेल्या सहकाऱ्याने पाहिले, तर ॲप्लिकेशनचे चारही सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत होते. आमची हेल्थ चेक डेटाबेसला एक साधी क्वेरी विचारत असे. तिला कनेक्शन मिळाले नाही की सर्व्हर आजारी ठरे आणि तो उठवून पुन्हा सुरू केला जाई. मी ६ वाजता कॉलवर आलो तेव्हा सर्वांचा अंदाज एकच होता की संध्याकाळच्या गर्दीने डेटाबेस दमला आहे. त्या अंदाजावर विसंबून आम्ही आणखी एकदा चारही सर्व्हर हाताने रीस्टार्ट केले. त्यानंतर परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली, कारण ॲप्लिकेशनला आता कनेक्शनच मिळेना आणि लॉगमध्ये हा संदेश येऊ लागला:

```
FATAL: remaining connection slots are reserved for
non-replication superuser connections
```

याचा उलगडा नंतर झाला. चार सर्व्हर आणि प्रत्येकी २० कनेक्शनचा पूल, म्हणजे एकूण ८०. डेटाबेसची मर्यादा १०० आणि त्यांतली ३ सुपरयूजरसाठी राखीव. हिशेब ठीक दिसत होता. मात्र डेटाबेसमधली एखादी प्रक्रिया कुलपासाठी, म्हणजे तक्ता वापरण्याच्या पाळीसाठी, थांबून राहिलेली असताना तिला मागणी करणारा ॲप्लिकेशन सर्व्हर मेला, तरी तिला ते कळत नाही. ती तशीच रांगेत उभी राहते आणि आपली जागा अडवून ठेवते. आम्ही रीस्टार्ट करत होतो तेव्हा जुनी कनेक्शने सुटत नव्हती आणि नवी मात्र उघडत होती. थोडक्यात, ९७ जागा आम्ही स्वतःच्या हाताने भरल्या.

गर्दीचा अंदाज चुकीचा आहे हे सांगणारी गोष्ट पहिल्या मिनिटापासून पडद्यावर होती. संध्याकाळच्या सत्रात डेटाबेसचा सीपीयू एरवी ३५ टक्क्यांच्या आसपास असे. त्या वेळी तो ४ टक्के होता आणि डिस्कही शांत होती. दमलेला डेटाबेस असा दिसत नाही. कनेक्शन काठोकाठ भरलेली आणि सीपीयू मात्र निवांत, असे चित्र दिसले की सगळे कोणाची तरी वाट पाहत थांबले आहेत असे समजावे आणि सरळ कुलपांकडे पाहावे. मला हे सुचायला ६ वाजून ४ मिनिटे झाली आणि सुचल्यावरही डेटाबेसमध्ये शिरायला आणखी ९ मिनिटे लागली. साध्या खात्याला जागा नव्हती. राखीव तीन जागा सुपरयूजरच्या होत्या आणि त्याचा पासवर्ड कुठे ठेवला आहे हे ज्याला ठाऊक होते, तो सहकारी गाडी चालवत होता. पंचवीस मिनिटांच्या आउटेजमधली ही नऊ मिनिटे मला आजही सर्वांत लाजिरवाणी वाटतात.

आत गेल्यावर मी ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT pid, usename, state, wait_event_type,
       now() - xact_start AS age,
       pg_blocking_pids(pid) AS blocked_by,
       left(query, 50) AS query
FROM pg_stat_activity
WHERE datname = current_database()
ORDER BY xact_start;
```

उत्तरातील पहिल्या तीन ओळींत सगळी गोष्ट होती. पहिली ओळ हिशेब विभागाच्या खात्याची: स्थिती `idle in transaction`, व्यवहाराचे वय २ तास ३ मिनिटे, आणि तिला अडवणारे कोणीही नाही. दुसरी ओळ आमच्या `ALTER TABLE` ची: ती कुलपासाठी थांबलेली आणि तिला अडवणारी प्रक्रिया म्हणजे पहिली ओळ. तिसऱ्या ओळीपासून खाली ॲप्लिकेशनच्या सगळ्या क्वेरी होत्या, आणि त्या सर्वांना अडवणारी प्रक्रिया एकच, ती म्हणजे `ALTER TABLE`.

ही साखळी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण डेटाबेससोबत वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही ती अनेकदा ठाऊक नसते. पोस्टग्रेसमध्ये साधे `SELECT` देखील तक्त्यावर एक सौम्य कुलूप लावते आणि ते क्वेरी संपल्यावर नव्हे, तर व्यवहार संपल्यावर सुटते. हिशेब विभागातील एकाने ४ वाजून १० मिनिटांनी दहा दिवसांच्या बिलासाठी एक क्वेरी चालवली होती. त्याच्या डेस्कटॉप टूलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे क्वेरी संपताच व्यवहार आपोआप संपवण्याची सोय, बंद होते, त्यामुळे पडद्यावर उत्तर आले तरी व्यवहार उघडाच राहिला आणि तो बैठकीला निघून गेला. त्या सौम्य कुलपाचा कोणालाही त्रास नव्हता. पावणेदोन तास सर्व नोंदी व्यवस्थित पडत होत्या. मग `ALTER TABLE` आले. त्याला हवे असलेले कुलूप सर्वांत कडक असते आणि ते इतर कोणत्याही कुलपाशेजारी नांदत नाही, म्हणून ते थांबले. इथपर्यंतही बिघडले नव्हते. पण कुलपांची रांग असते, आणि रांगेत आधी उभ्या असलेल्या कडक मागणीला ओलांडून मागचे कोणी पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे एरवी त्या उघड्या व्यवहाराशेजारी सुखाने चालणारी प्रत्येक नोंद आणि प्रत्येक वाचन आता `ALTER TABLE` च्या मागे उभे राहिले. बारा मिलिसेकंद हे मायग्रेशन सुरू झाल्यानंतर लागणाऱ्या वेळेचे मोजमाप होते. सुरू होण्यासाठी किती थांबावे लागेल, हे चाचणीच्या सर्व्हरवर कधीच दिसले नसते, कारण तिथे खिडकी उघडी ठेवून बैठकीला जाणारे कोणी नव्हते.

आता कोणाला बाजूला करायचे, हा निर्णय घ्यायचा होता. मी आधी `ALTER TABLE` रद्द केले. दुसऱ्याच्या सत्रात काय चालू आहे हे मला ठाऊक नव्हते. तिथे न साठवलेले काम असण्याची शक्यता होती, आणि मायग्रेशन रद्द झाल्याने काहीच गमवावे लागणार नव्हते. `pg_cancel_backend` दिल्याबरोबर रांग सुटली आणि आलेख एकदम उसळला. आम्ही सुटकेचा श्वास घेतला, आणि चाळीसच सेकंदांत सगळे पुन्हा थांबले. डिप्लॉयमेंटच्या साधनाने आपले पायरीचे काम फसले असे समजून तेच मायग्रेशन दुसऱ्यांदा सुरू केले होते. तेव्हा मात्र मी हिशेब विभागाचे सत्र `pg_terminate_backend` ने बंद केले. त्याच क्षणी `ALTER TABLE` पार पडले आणि ६ वाजून १७ मिनिटांनी पावत्या छापल्या जाऊ लागल्या.

आमच्या दृष्टीने आउटेज तिथे संपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका केंद्रचालकाचा फोन आला. त्याने आदल्या संध्याकाळी पावत्या बंद पडल्यावर वहीत नोंदी केल्या होत्या, आणि वहीतली बेरीज आमच्या अहवालातल्या बेरजेशी जुळत नव्हती. अहवालात दूध जास्त दिसत होते. रांगेत अडकलेल्या नोंदींपैकी कित्येकांचे मागणी करणारे सर्व्हर केव्हाच मेले होते, पण त्या प्रक्रिया डेटाबेसमध्ये जिवंत होत्या. रांग सुटताच त्यांनी आपली नोंद टाकली आणि ती कायमही झाली, कारण आमची नोंद एकाच `INSERT` मध्ये, ऑटोकमिटने होत असे. केंद्रावर मात्र पावती आली नव्हती, म्हणून केंद्राच्या ॲपने तीच नोंद पुन्हा पाठवली. एका दुधाचे दोनदा पैसे लागले होते.

अशा नोंदी शोधून सरळ पुसून टाकाव्यात असे वाटेल, पण ते शक्य नव्हते. एकच सभासद एकाच सत्रात गायीचे आणि म्हशीचे दूध वेगवेगळे घालतो, किंवा एक कॅन घालून घरी जातो आणि अर्ध्या तासाने दुसरी आणतो. केंद्र, सभासद, तारीख आणि सत्र जुळणाऱ्या ५८ जोड्या निघाल्या. लिटर, फॅट आणि एसएनएफ हे तिन्ही आकडे तंतोतंत सारखे असलेल्या जोड्या वेगळ्या काढून आम्ही केंद्रांना एकेक फोन केला. ४१ नोंदी खरोखर दुहेरी होत्या आणि १७ दुसऱ्या कॅनच्या होत्या. हे काम दहा दिवसांचे बिल निघण्याआधी उरकले म्हणून निभावले. शेतकऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापणे ही वेगळीच डोकेदुखी झाली असती.

पोस्टमॉर्टेमच्या पहिल्या मसुद्यात मूळ कारणाच्या जागी 'हिशेब विभागातील कर्मचाऱ्याने व्यवहार उघडा ठेवला' असे एक वाक्य होते. मी ते काढायला लावले, आणि त्यात त्याची बाजू घेण्याचा भाग कमी होता. त्या वाक्यावरून निघणारा एकमेव उपाय म्हणजे सर्वांना 'खिडकी बंद करा' असा मेल पाठवणे, आणि तो मेल महिनाभरसुद्धा टिकत नाही. त्याऐवजी आम्ही घटनाक्रम मिनिटामिनिटाने लिहिला आणि प्रत्येक टप्प्यावर विचारले की इथे ही साखळी कशाने तुटली असती. मायग्रेशनने थांबण्याला मर्यादा घातली असती तर ती ५ वाजून ५२ मिनिटांनीच तुटली असती. उघड्या व्यवहाराला मर्यादा असती तर ती सव्वाचारलाच तुटली असती. हेल्थ चेक डेटाबेसवर अवलंबून नसती तर जागा भरल्या नसत्या, आणि नोंदीला स्वतःची ओळख असती तर एकही दुहेरी नोंद झाली नसती. बदल याच क्रमाने झाले.

पहिला बदल मायग्रेशनमध्ये झाला. तक्त्याची रचना बदलणाऱ्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आता मर्यादा असते आणि ती नसेल तर सीआय, म्हणजे कोड आपोआप तपासणारी यंत्रणा, ती फाइल पुढे जाऊ देत नाही:

```sql
SET lock_timeout = '2s';
ALTER TABLE sankalan ADD COLUMN tanker_id bigint;
```

दोन सेकंदांत कुलूप मिळाले नाही तर मायग्रेशन माघार घेते, मागची रांग सुटते, आणि आमचे साधन दहा ते तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, असे पाच वेळा. हे दोन सेकंद फुकटचे नाहीत; तेवढा वेळ मागचे सगळे थांबतातच, म्हणून हा आकडा आपल्या वापरकर्त्याला न जाणवेल इतका लहान हवा. `statement_timeout` ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रत्यक्ष कामाचा वेळही धरते, त्यामुळे लांबलेले पण योग्य काम अर्ध्यावर तोडते. आणखी एक खाच म्हणजे `CREATE INDEX CONCURRENTLY`. हा आदेश मध्येच मोडला तर अवैध स्थितीतला अर्धवट इंडेक्स मागे राहतो, म्हणून पुढच्या प्रयत्नाआधी तो काढून टाकावा लागतो. नुसते पुन्हा चालवणे तिथे पुरत नाही.

दुसरा बदल खात्यांच्या पातळीवर होता. ॲप्लिकेशनच्या खात्याला `idle_in_transaction_session_timeout` ३० सेकंद आणि हिशेबाच्या खात्याला ५ मिनिटे ठेवली. मूळ स्थितीत ही मर्यादा शून्य असते, म्हणजे बंद असते, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. ती फक्त रिकाम्या बसलेल्या व्यवहाराला लागू होते. दोन तास खरोखर चालणाऱ्या अहवालाला ती हात लावत नाही. म्हणून अहवाल रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर, हलवले, आणि तिथे नवीच तक्रार उभी राहिली. मुख्य डेटाबेसवर लागलेले कडक कुलूप रेप्लिकावरही लागू करावे लागते. त्याला एखादी लांब क्वेरी आडवी आली तर रेप्लिका ३० सेकंद वाट पाहते आणि मग ती क्वेरीच मारून टाकते. बिल काढणाऱ्यांचे अहवाल अधूनमधून मध्येच तुटू लागले. शेवटी त्या रेप्लिकावर `max_standby_streaming_delay` १५ मिनिटे केले आणि तिथला डेटा तेवढा मागे पडू शकतो, हे हिशेब विभागाशी बोलून ठरवले. बिलाच्या कामाला ते चालते. पावतीच्या कामाला चालले नसते.

हेल्थ चेकचे दोन भाग केले. प्रक्रिया जिवंत आहे का हे विचारणारी तपासणी आता डेटाबेसला स्पर्श करत नाही, आणि रीस्टार्टचा निर्णय तिच्यावरच होतो. डेटाबेस मिळतो का हे विचारणाऱ्या तपासणीने फक्त विनंत्या त्या सर्व्हरकडे पाठवणे थांबते. सुपरयूजरने आत जाण्याचा मार्ग ऑनकॉलच्या पहिल्या पानावर आला, आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तसे आत जाऊन वरची क्वेरी चालवून दाखवतो. `log_lock_waits` चालू केले, त्यामुळे एखादी प्रक्रिया सेकंदाहून अधिक काळ कुलपासाठी थांबली की लॉगमध्ये ओळ पडते.

व्यवस्थापनाला दुपारी चारनंतर सर्व डिप्लॉय बंद हवे होते. मी त्याला विरोध केला, कारण दिवसभराचे बदल साठवून एकदम सोडले की बिघाड कशामुळे झाला हे शोधणे अवघड होते. रचनेचे बदल दोन्ही सत्रांच्या वेळेत होणार नाहीत, बाकीचे चालतील, यावर तडजोड झाली.

सर्वांत जास्त मेहनत नोंदीच्या ओळखीला लागली. केंद्राचे ॲप आता नोंद तयार करतानाच तिला एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळख क्रमांक, देते, पुन्हा पाठवताना तोच पाठवते, आणि सर्व्हर `INSERT ... ON CONFLICT DO NOTHING` करून आधी पडलेल्या नोंदीचीच पावती परत देतो. जुन्या नोंदींमध्ये हा रकाना रिकामा आहे. पोस्टग्रेसचा युनिक इंडेक्स रिकाम्या किमतींना एकमेकांसारखे मानत नाही, त्यामुळे त्यांची अडचण आली नाही. सोबत दरपत्रकही रोज सकाळी केंद्रावर उतरवून ठेवू लागलो, म्हणजे सर्व्हर मिळाला नाही तरी दर काढता येतो, पावती छापता येते आणि नोंद मागाहून जाते.

केंद्रांवरचे ॲप बदलणे मात्र आपल्या हातात नसते. कुठे संगणक जुना, कुठे इंटरनेट फक्त संकलनाच्या वेळी चालू, कुठे केंद्रचालकाला चालते ते हलवायचे नाही. मी ती कंपनी सोडली तेव्हाही काही केंद्रे जुन्याच आवृत्तीवर होती आणि त्यांच्या नोंदी यूयूआयडीशिवाय येत. त्यांच्यासाठी रोज रात्री साडेनऊला एक क्वेरी चालत असे. लिटर, फॅट, एसएनएफ जुळणाऱ्या जोड्या ती एका यादीत काढे, आणि सकाळचे संकलन आटोपल्यावर मदतकेंद्रातला एकजण त्या केंद्रांना फोन करून विचारे की ही दुसरी कॅन होती का.